पट्टा की थेट मोटार? फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या ड्रममागचा इतिहास

१/१३
फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या जाहिराती एक सरळ कथा सांगतात : पूर्वी ड्रम पट्ट्याने फिरत असे, पुढे पट्टा गेला, मोटार थेट ड्रमला जोडली गेली आणि यंत्र शांत व टिकाऊ झाले. कालक्रम लावून पाहिला की ही कथा अर्धीच खरी ठरते. उरलेली अर्धी मुळात दुसऱ्याच यंत्राची आहे. #थ्रेड

२/१३
आधी मूळ अडचण पाहू. आडव्या आसावर फिरणाऱ्या ड्रमला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. धुताना तो मिनिटाला सुमारे ५० फेरे घेतो, म्हणजे कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात. पिळताना त्यालाच १००० ते १४०० फेरे घ्यावे लागतात. एकाच मोटारीकडून ही दोन्ही कामे करून घेणे, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

३/१३
अमेरिकेत १९३७ साली बेंडिक्स कंपनीने घरगुती स्वयंचलित यंत्र बाजारात आणले. तेही समोरून उघडणारेच होते. पिळताना ते इतके हादरे की त्याला जमिनीला बोल्टने जखडावे लागे. संथ धुणे आणि वेगवान पिळणे एकाच ड्रममध्ये बसवण्याची किंमत तेव्हापासूनच दिसू लागली होती.

४/१३
युद्धोत्तर युरोपात यावर एक साधा तोडगा रूढ झाला : दोन वेगांची इंडक्शन मोटार आणि पट्टा. ५० हर्ट्झच्या विजेवर २ ध्रुवांची गुंडाळी मिनिटाला जास्तीत जास्त ३००० फेरे देते आणि १६ ध्रुवांची ३७५. हे प्रमाण ८ पट झाले. म्हणजे धुण्याचा वेग ५० ठेवला, तर पिळण्याचा वेग ४०० वरच अडतो. जुन्या यंत्रांतून कपडे ओलसर निघत, त्याचे एक कारण हे गणित होते.

५/१३
ही मर्यादा ओलांडली ती कार्बन ब्रशच्या युनिव्हर्सल मोटारीने. तिचा वेग विजेच्या हर्ट्झला बांधलेला नसतो. ड्रमची पुली ३० सेंटिमीटर व्यासाची आणि मोटारीची २.५ सेंटिमीटरची धरा : प्रमाण १२ पट. ड्रमचे ५० फेरे म्हणजे मोटारीचे ६००. ड्रमचे १२०० म्हणजे मोटारीचे १४,४००. एवढ्या वेगातच ती कर्कश आवाज करते आणि तिचे ब्रश झिजतात.

६/१३
पण पट्टा केवळ वेग बदलत नाही, तो जोरही वाढवतो. ६ किलो कपडे आणि तितकेच पाणी, असे १२ किलो ओझे ड्रमच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर बाजूला आहे असे माना. ते पेलण्यास सुमारे १८ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. एक मीटर लांब काठीच्या टोकाला १.८ किलो वजन तोलून धरण्याइतका. १२ पट पुलीमुळे मोटारीच्या वाट्याला त्यातला दीडच येतो. म्हणूनच ती लहान व स्वस्त असू शकते.

७/१३
आता न्यूझीलंडकडे वळू. १९९१ मध्ये फिशर अँड पेकेल या कंपनीने ‘स्मार्ट ड्राइव्ह’ यंत्र आणले. त्यात ब्रश नव्हते. ताटासारख्या रुंद फिरत्या भागाच्या आतील कडेला ५६ चुंबकीय ध्रुव, त्याच्या आत ४२ स्थिर गुंडाळ्या. आणि कोणत्या क्षणी कोणत्या गुंडाळीत वीज सोडायची, हे इलेक्ट्रॉनिक मंडल ठरवत असे. व्यास मोठा असल्याने जोर थेट आसावरच मिळे. पुलीने केलेले काम येथे चुंबकांच्या रुंद वर्तुळाने केले.

८/१३
येथेच कथेचा धागा सुटतो. ‘स्मार्ट ड्राइव्ह’ हे फ्रंट लोड नव्हते, वरून उघडणारे होते. तशा यंत्रात मधला घुसळखांब आलटून-पालटून दोन्ही दिशांना हलवावा लागतो आणि त्यासाठी जुन्या यंत्रांत गिअरबॉक्स असे : तेल, दाते, क्लच. थेट मोटार स्वतःच दिशा बदलू शकत असल्याने हे सारे लोढणे गळून पडले. ‘भाग कमी, बिघाड कमी’ हा दावा तेथे अक्षरशः खरा होता.

९/१३
१९९०च्या दशकाच्या अखेरीस जपानमधील तोशिबा आणि दक्षिण कोरियातील एलजी यांनी थेट मोटारीची यंत्रे आणली आणि पुढील दशकात ही रचना फ्रंट लोडमध्ये रुळली. परंतु त्या काळच्या युरोपीय फ्रंट लोडमध्ये काढून टाकण्याजोगा गिअरबॉक्स नव्हताच. होता तो एक रबरी पट्टा आणि दोन पुल्या. दावा तोच राहिला, लाभ मात्र आक्रसला.

१०/१३
मग आवाज कमी झाला तो कशाने? प्रामुख्याने ब्रश व त्यांचे घर्षण गेल्याने आणि मोटारीचा वेग १४,००० वरून १२०० वर आल्याने. याचा पुरावा तिसऱ्या वाटेत आहे : अनेक कारखान्यांनी पट्टा ठेवला, फक्त मोटार ब्रशविरहित केली आणि तीही यंत्रे बरीच शांत निघाली. ‘ब्रश की ब्रशविरहित’ आणि ‘पट्टा की थेट’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. जाहिरातीने त्यांचा एकच प्रश्न केला.

११/१३
बिघाडही आपापली कुळकथा सांगतात. मोटार गुणगुणते पण ड्रम हलत नाही आणि हाताने अगदी सैल फिरतो : पट्टा निसटला किंवा तुटला. जळका वास, ठिणग्या, ड्रमचा जोर ओसरलेला : ब्रश झिजले. ही दोन्ही दुरुस्त्या सहसा किरकोळ असतात. थेट मोटारीच्या यंत्रात ड्रम जागीच थरथरतो आणि थांबतो; एलजीच्या पडद्यावर तेव्हा LE ही अक्षरे दिसतात. संशय बहुधा फिरत्या भागाची स्थिती सांगणाऱ्या हॉल सेन्सरवर जातो, मात्र ड्रममध्ये कोंबलेले कपडेही याला कारण असू शकतात.

१२/१३
सर्वांत महागडा बिघाड दोन्हींना समान आहे : ड्रमच्या आसाचे बेअरिंग आणि त्यापुढील पाण्याचे सील. पट्टा आसाला एका बाजूस ओढतो. थेट मोटारीत ती ओढ नसते, पण जड चुंबकी चकती आसाच्या टोकाला लटकते. सील गळले की थेट मोटारीत पाणी गुंडाळ्यांवरच येऊ शकते, कारण मोटार नेमकी त्यामागे असते. पिळताना वेगाबरोबर वाढणारी घरघर, ड्रमची कड हाताने वर-खाली हलणे आणि मागे गंजाचा ओघळ, या त्याच्या खुणा.

१३/१३
म्हणून दुकानात ‘१० वर्षे हमी’ ही पाटी दिसली, तर ती ऐतिहासिक कागदासारखी वाचावी : कोणी लिहिली, कशाविषयी, आणि काय वगळले? बहुधा ती मोटारीपुरती असते. बेअरिंग व सील तीत येतात का, आणि बेअरिंग बदलता येईल अशी टाकी स्क्रूने जोडलेली आहे की कायमची चिकटवलेली, हे विचारावे. यंत्र किती वर्षे चालेल, याचा निर्णय पट्ट्यापेक्षा बहुतेकदा या दोन उत्तरांवर ठरतो.