स्वादुपिंडातील सिस्ट: स्कॅनवरील लक्षणे आणि पाठपुरावा

स्वादुपिंडात किंवा त्याला लागून तयार झालेली, द्रवाने भरलेली पिशवी. बहुतेकांना तिचा काहीच त्रास नसतो. पित्ताशयातील खडे, मूतखडा किंवा पोटदुखी यांसाठी स्कॅन केला जातो आणि अहवालात शेवटच्या ओळीत ‘स्वादुपिंडात सिस्ट’ असे शब्द येतात. स्वादुपिंड जठराच्या मागे, खोलवर असते आणि मधल्या वायूमुळे सोनोग्राफीत अनेकदा अर्धवटच दिसते. म्हणून सोनोग्राफीने सिस्ट आहे एवढे कळले तरी ती कोणत्या जातीची हे बहुधा सीटी किंवा एमआरआयवरच ठरते. वयाबरोबर अशा सिस्टचे प्रमाण वाढत जाते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इतर कारणांसाठी काढलेल्या २,८३२ सीटी स्कॅनपैकी २.६ टक्क्यांत सिस्ट आढळल्या. ऐंशीच्या घरातील रुग्णांत हे प्रमाण ८.७ टक्के होते. एमआरआय लहान सिस्टही दाखवतो, त्यामुळे त्यात हा आकडा आणखी वर जातो. यांतील फार थोड्या सिस्ट पुढे कर्करोगाकडे वळतात. त्या थोड्या कोणत्या, हे ओळखणे हा या नोंदीचा विषय.

निरुपद्रवी सिस्ट

दोन प्रकारांत कर्करोगाची भीती जवळपास नसते. पहिला प्रकार स्यूडोसिस्ट. स्वादुपिंडाला तीव्र सूज आली की त्याचा पाचक रस बाहेर झिरपतो, साचतो आणि त्याभोवती तंतुमय भिंत धरते. भिंत पक्की व्हायला साधारण चार आठवडे लागतात. दारू आणि पित्ताचे खडे ही सुजेची नेहमीची कारणे. दुसरा प्रकार सीरस सिस्टॅडिनोमा. हा बहुधा साठीच्या आसपासच्या स्त्रियांत दिसतो. मधमाशांच्या पोळ्यासारखे अगदी बारीक कप्पे आणि काही वेळा मधोमध कॅल्शियम साचलेला व्रण, ही त्याची ओळख. असे चित्र स्पष्ट असेल आणि त्रास नसेल, तर शस्त्रक्रियेचीच नव्हे, वारंवार स्कॅनचीही गरज उरत नाही.

स्यूडोसिस्टच्या बाबतीत एक फसगत नेहमीची आहे. धोकादायक जातीची सिस्टसुद्धा नळी तुंबवून स्वादुपिंडाला सूज आणू शकते. अशा रुग्णाला पोटदुखीचा झटका येतो, स्कॅनवर सिस्ट दिसते आणि ती त्या झटक्याचा परिणाम समजून सोडून दिली जाते. म्हणून विचारायचा प्रश्न ‘सूज आली होती का’ एवढाच नसून ‘आधी काय, सूज की सिस्ट’ हा असतो. दुखणे सुरू होऊन दोनच दिवस झाले असताना पक्क्या भिंतीची सिस्ट दिसली, तर ती त्या दुखण्यातून आलेली नाही. झटक्याआधीच्या एखाद्या जुन्या सोनोग्राफीत ती दिसत असेल, तर प्रश्न तिथेच सुटतो.

म्यूकस तयार करणाऱ्या सिस्ट

लक्ष ठेवायचे ते मुख्यतः चिकट, बुळबुळीत म्यूकस तयार करणाऱ्या दोन प्रकारांवर. म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम हा जवळजवळ फक्त स्त्रियांत, तोही मध्यम वयात आणि स्वादुपिंडाच्या धडात किंवा शेपटीत आढळतो. नळीशी त्याचा सांधा नसतो. दुसरा आणि अधिक वेळा दिसणारा प्रकार आयपीएमएन. यात स्वादुपिंडाच्या नळीचे अस्तरच वाढते, म्यूकस पाझरते आणि नळी फुगते. फुगलेली नळी मुख्य असेल तर धोका मोठा. बाजूचा फाटा असेल तर पुष्कळच कमी. फाट्यातील सिस्ट नळीला जोडलेली असते. हा सांधा एमआरसीपी या एमआरआयच्या प्रकारात उत्तम दिसतो. शिवाय त्यात क्ष-किरण नसल्याने वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यासाठी तीच तपासणी सोयीची ठरते.

धोक्याच्या खुणा

रुग्ण पहिल्यांदा आकार विचारतो. डॉक्टर आधी मुख्य नळी आणि सिस्टची भिंत पाहतात. फाट्यातील सिस्टसाठी जपानच्या पुढाकाराने तयार झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जगभर वापरली जातात. त्यांची क्योतो आवृत्ती २०२४ साली प्रसिद्ध झाली. त्यांत खुणांच्या दोन पायऱ्या आहेत.

वरच्या पायरीवरील खूण दिसली आणि रुग्णाची प्रकृती शस्त्रक्रिया झेपण्याइतकी असेल, तर शस्त्रक्रियेचाच विचार होतो. स्वादुपिंडाच्या डोक्याकडील सिस्टमुळे झालेली कावीळ, भिंतीवर रक्तपुरवठा असलेली ५ मिलिमीटर किंवा मोठी गाठ, १० मिलिमीटर किंवा अधिक रुंद झालेली मुख्य नळी, आणि सुईने काढलेल्या द्रवात कर्करोगाच्या किंवा तशा संशयाच्या पेशी, या त्या खुणा. निरोगी मुख्य नळी सुमारे ३ मिलिमीटरपर्यंत असते.

खालच्या पायरीवरील खुणा चिंतेच्या असतात, पण त्या एकट्या निर्णायक नसतात. ३० मिलिमीटर किंवा मोठी सिस्ट, ५ ते ९ मिलिमीटर रुंदीची मुख्य नळी, जाड झालेली भिंत, ५ मिलिमीटरपेक्षा लहान गाठ, नळीची रुंदी एकाएकी बदलून पुढचे स्वादुपिंड सुकणे, वर्षाला २.५ मिलिमीटर किंवा अधिक वाढ, रक्तात वाढलेले सीए १९-९, स्वादुपिंडाची सूज, आणि गेल्या वर्षभरात नव्याने आलेला किंवा अचानक बिघडलेला मधुमेह, यांचा त्यात समावेश होतो. अशा खुणा जितक्या जास्त, तितका धोका वाढतो. यांतील मधुमेहाची खूण सर्वांत सहज निसटते, कारण साखर एक डॉक्टर पाहतो आणि स्कॅन दुसरा.

दुर्बिणीतून सोनोग्राफी

चिंतेची खूण दिसली की पुढची पायरी म्हणजे एंडोस्कोपिक सोनोग्राफी. दुर्बीण तोंडावाटे जठरात नेऊन तिच्या टोकावरील सोनोग्राफीने स्वादुपिंड अगदी जवळून पाहतात. भिंतीला चिकटलेला म्यूकसचा गोळा आणि खरी गाठ यांतला फरक इथे कळतो. गोळा रुग्ण कुशीवर वळला की हलतो आणि त्यात रक्तप्रवाह नसतो. गाठ जागची हलत नाही आणि तिच्यात रक्त खेळते. गरज असेल तर सुईने द्रव काढतात. त्यात सीईएचे प्रमाण मिलिलिटरला १९२ नॅनोग्रॅमहून जास्त किंवा ग्लुकोज डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमहून कमी असेल, तर सिस्ट म्यूकसची असण्याकडे कल जातो. अमायलेज फार कमी असेल तर स्यूडोसिस्ट बहुधा नसते. सीईएबाबत गैरसमज होतो. वाढलेले सीईए सिस्टची जात सांगते, कर्करोग झाला आहे असे सांगत नाही.

पाठपुराव्याचे वेळापत्रक

आकाराखेरीज धोक्याची कोणतीच खूण नसेल तर फाट्यातील सिस्टचा पाठपुरावा आकारानुसार ठरतो. २० मिलिमीटरपेक्षा लहान सिस्ट सहा महिन्यांनी एकदा पाहतात. बदल नसेल तर पुढे दर दीड वर्षाने. २० ते ३० मिलिमीटर असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा, मग वर्षाला एकदा. ३० मिलिमीटर किंवा मोठी असेल तर दर सहा महिन्यांनी. २० मिलिमीटरपेक्षा लहान सिस्ट पाच वर्षे तशीच राहिली, तर पाठपुरावा थांबवण्याचा पर्याय या तत्त्वांत आहे. वय, हृदयविकार किंवा इतर आजारांमुळे मोठी शस्त्रक्रिया शक्यच नसेल, तर स्कॅन करत राहण्यात अर्थ नसतो. त्यातून हाती येणाऱ्या माहितीवर काही करता येणार नसते.

एक उदाहरण

बदलापूरच्या ६२ वर्षांच्या एका काल्पनिक रुग्णेची वाटचाल पाहू. पित्ताच्या खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत सिस्ट दिसते. एमआरसीपीमध्ये ती धडात, १७ मिलिमीटरची आणि फाट्याला जोडलेली आढळते. मुख्य नळी ३ मिलिमीटर, गाठ नाही, साखर आणि सीए १९-९ नेहमीचे. म्हणजे धोक्याची एकही खूण नाही. सहा महिन्यांनी माप येते १८. एका मिलिमीटरचा फरक मोजणीतलाच असू शकतो, म्हणून पुढची तारीख दीड वर्षानंतरची ठरते.

त्या तारखेला मुलगा तिला घराजवळच्या दुसऱ्या केंद्रात नेतो. जुन्या फिल्म घरीच राहतात. अहवाल येतो: २३ मिलिमीटर, नळी ३ मिलिमीटर, तुलनेसाठी जुना स्कॅन नाही. एकट्या आकड्याकडे पाहिले तर काळजीचे कारण नाही, कारण सिस्ट ३० च्या आत आहे. दुसऱ्या भेटीत जुनी सीडी लावली जाते आणि चित्र बदलते. पहिल्या स्कॅनपासून दोन वर्षांत ६ मिलिमीटर, म्हणजे वर्षाला ३ मिलिमीटर वाढ. ही चिंतेची खूण आहे. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत भिंतीवर काहीतरी दिसते, पण कूस बदलल्यावर ते हलते आणि त्यात रक्तप्रवाह नसतो. म्यूकसचा गोळा. शस्त्रक्रिया टळते, पण सिस्ट आता २० ते ३० च्या गटात आल्याने पुढचे दोन स्कॅन सहा-सहा महिन्यांनी होतात.

या वाटचालीत निर्णय फिरवला तो नव्या स्कॅनने नव्हे, जुन्याने. तुलना नेहमी सर्वांत पहिल्या स्कॅनशी करावी लागते. फक्त मागच्या स्कॅनशी केली तर प्रत्येक वेळी ‘विशेष बदल नाही’ असे लिहिले जाऊ शकते आणि वाढ मात्र चालूच राहते. मापही एकाच प्रकारच्या स्कॅनवर, एकाच दिशेने घ्यावे. सीटीवरचा आकडा एमआरआयवरच्या आकड्याशी ताडून पाहिला तर वाढ आहे की नाही हे धड कळत नाही.

उल्हासनगर ते परळ

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात रुग्णाचा प्रवास ठिकठिकाणी तुटतो. सोनोग्राफी घराजवळ होते, एमआरसीपी दुसऱ्या केंद्रात. एंडोस्कोपिक सोनोग्राफी किंवा शस्त्रक्रियेसाठी कर्जत मार्गावरची लोकल धरून मुंबईची मोठी रुग्णालये गाठावी लागतात. त्यांत केईएम आणि १९४१ पासून सुरू असलेले टाटा मेमोरियल ही दोन्ही परळला आहेत. प्रत्येक टप्प्यावर डॉक्टर आणि यंत्र बदलते. रुग्णासोबत सलग राहते ती फक्त त्याच्या अहवालांची पिशवी. म्हणून कागदी अहवालाबरोबर प्रत्येक एमआरआयची सीडी जपणे हा इथल्या पाठपुराव्याचाच भाग आहे.

मर्यादा

स्वादुपिंडाच्या डोक्याकडील सिस्टसाठी करावी लागणारी व्हिपल शस्त्रक्रिया मोठी असते. तीत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेले भाग नव्याने जोडावे लागतात. अनुभवी केंद्रांतही गुंतागुंत बरीच होते आणि काही रुग्ण दगावतात. म्हणून निरुपद्रवी सिस्ट काढणे हीसुद्धा चूकच ठरते. उलट बाजूने, आयपीएमएन असलेल्या रुग्णात कर्करोग सिस्टपासून दूर, स्वादुपिंडाच्या दुसऱ्याच भागात उगवू शकतो. त्यामुळे प्रत्येक पाठपुराव्यात सिस्टचे माप घेऊन थांबत नाहीत. पूर्ण स्वादुपिंड आणि पूर्ण नळी नव्याने पाहतात. दोन तारखांच्या मधल्या काळात कावीळ, कारण नसताना वजन घटणे, पाठीत जाणारी पोटदुखी किंवा अचानक वाढलेली साखर दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे लागते.