सलूनला ‘जीएसटी’ नोंदणी केव्हा लागते? मर्यादा कशी मोजावी आणि पावती कशी लिहावी

अमरावती/अकोला (प्रतिनिधी) – राजापेठेतील दोन खुर्च्यांचे केशकर्तनालय असो वा अकोल्यातील जठारपेठेतील ब्युटी पार्लर, मालकाला वर्षातून एकदा तरी एकच प्रश्न पडतो : आपल्याला विक्रीकराचा नंबर घ्यावा लागेल का? बोलण्यात अजूनही ‘विक्रीकर’ हाच शब्द असला, तरी १ जुलै २०१७ पासून मूल्यवर्धित कर आणि सेवाकर या दोहोंची जागा वस्तू व सेवा कराने, म्हणजेच जीएसटीने घेतली आहे. प्रश्नाचे उत्तर एका आकड्यावर अवलंबून आहे. बहुतेकांची चूक होते ती हा आकडा मोजताना.

मर्यादा २० लाखांची, ४० लाखांची नव्हे

महाराष्ट्रात सेवा देणाऱ्या व्यावसायिकाची एका आर्थिक वर्षातील एकूण उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली, की नोंदणी बंधनकारक होते. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेली ४० लाखांची मर्यादा केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यांसाठी आहे. शेजारच्या किराणा दुकानदाराला ती लागू पडते, सलूनला नाही. सलूनमध्ये शॅम्पू, क्रीम विकले जात असले तरी केस कापणे ही सेवा असल्याने संपूर्ण व्यवसायाला २० लाखांचीच मर्यादा लागते. जुन्या सेवाकरात २००८ पासून ही सूट १० लाखांची होती. त्यामुळे काही जुन्या व्यावसायिकांच्या तोंडी अजून तोच आकडा असतो. तोही आता लागू नाही.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे. दुकानाचे भाडे, वीजबिल, कारागिरांचे पगार, साहित्याचा खर्च यांपैकी काहीही त्यातून वजा होत नाही. गल्ल्यात आलेली रोख आणि खात्यात जमा झालेली यूपीआयची रक्कम मिळून उलाढाल ठरते.

वऱ्हाडात अनेक सलूनमध्ये कारागीर निम्म्या टक्केवारीवर काम करतात. तेथे बारकाईने पाहावे लागते. ग्राहक पैसे मालकाला देत असेल आणि मालक संध्याकाळी कारागिराचा वाटा देत असेल, तर पूर्ण रक्कम मालकाच्या उलाढालीत धरली जाते. याउलट कारागिराने खुर्ची भाड्याने घेतली असेल आणि ग्राहकाकडून तो स्वतःच्या नावाने पैसे घेत असेल, तर ती उलाढाल कारागिराची. मालकाच्या उलाढालीत खुर्चीचे भाडे तेवढे येते. मात्र ही व्यवस्था कागदावर लिहिलेली असावी आणि पैसेही प्रत्यक्षात तसेच जमा व्हावेत.

एक पॅन, एक बेरीज

उलाढाल दुकानानुसार नव्हे, तर पॅननुसार मोजली जाते. समजा, एका मालकाचे अमरावतीत सलून आहे आणि अकोल्यात शाखा. अमरावतीत दिवसाला सरासरी ३,००० रुपये जमतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८,००० रुपये होतात. अकोल्यात दिवसाला २,४०० प्रमाणे ६२,४०० होतात. दोन्हीकडे मिळून शॅम्पू-क्रीमची विक्री महिन्याला १२,००० रुपयांची आहे. याशिवाय घरावरचा मजला एका कुटुंबाला राहण्यासाठी १०,००० रुपये भाड्याने दिला आहे. राहत्या घराच्या भाड्यावर कर नाही, तथापि करमुक्त पुरवठाही एकूण उलाढालीत धरला जातो, हे अनेकांना माहीत नसते.

ही बेरीज महिन्याला १,६२,४०० आणि वर्षाला १९,४८,८०० रुपये होते. मालक निश्चिंत असतो. परंतु लग्नसराईत नवरीच्या मेकअपचे ६०,००० रुपये आले, की आकडा २०,०८,८०० वर जातो. मर्यादा ओलांडली जाते ती मार्चच्या अखेरच्या दिवसांत, आणि वर्षअखेरीस कोणी बेरीज केली नाही तर ते कळतही नाही. म्हणून उलाढाल १५ लाखांच्या पुढे गेल्यावर दर महिन्याला एप्रिलपासूनची बेरीज मांडणे शहाणपणाचे ठरते.

मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. वरील उदाहरणात ती २९ मार्चला ओलांडली असेल, तर २८ एप्रिलपर्यंत मुदत आहे. अर्ज वेळेत केला तर नोंदणी २९ मार्चपासूनच लागू धरली जाते आणि कर त्या तारखेपासूनच्या कामावर द्यावा लागतो, आधीच्या २० लाखांवर नाही. प्रमाणपत्र हाती येईपर्यंतच्या दिवसांचा करही द्यावा लागतो. त्यासाठी प्रमाणपत्र मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत त्या काळातील पावत्यांऐवजी सुधारित बीजके देण्याची सोय आहे. नोंदणी टाळल्यास मात्र थकीत कर, त्यावर वार्षिक १८ टक्के व्याज आणि किमान १०,००० रुपये किंवा बुडालेल्या कराइतका, यांपैकी जो अधिक असेल तो दंड होऊ शकतो.

‘आपले लहान दुकान कोण पाहणार’ हा समज आता टिकणारा नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या आधारे लहान व्यापाऱ्यांना नोटिसा बजावल्या होत्या. भावाने परत केलेले उसने पैसे आणि ग्राहकांचे पैसे एकाच क्यूआर कोडवर येत असतील, तर त्यांतील व्यवसायाचे कोणते, हे सांगण्याचे काम मालकावर येते. दुकानासाठी वेगळे खाते ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

परराज्यातील काम

परतवाड्याची ब्युटिशियन नवरीच्या मेकअपसाठी बैतूलला गेली, तर ते आंतरराज्य काम ठरते, कारण अशा सेवेचे ठिकाण ती जेथे प्रत्यक्ष दिली जाते तेच मानले जाते. असे असले तरी सेवेच्या बाबतीत २० लाखांपर्यंत तिला नोंदणीची गरज नाही. वस्तूंचे तसे नाही. करपात्र क्रीमची बाटली कुरिअरने मध्य प्रदेशात विकली, तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. बैतूलच्या ग्राहकाने परतवाड्याच्या दुकानात येऊन तीच बाटली नेली, तर मात्र लागत नाही.

नोंदणीनंतर कोणता मार्ग?

२२ सप्टेंबर २०२५ पासून केशकर्तन व सौंदर्यसेवांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्यासोबत एक अट आली. या सेवेसाठी खरेदी केलेल्या साहित्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. जुना १८ टक्के दर लावून वजावट घेण्याचा पर्यायही उरलेला नाही.

या बदलाने जुना एक हिशेब उलटला. ५० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा व्यावसायिकांना आपसमेळ योजनेत, म्हणजे कंपोझिशनमध्ये, ६ टक्के कर भरता येतो. तो ग्राहकाकडून वसूल करता येत नाही. सेवेचा दर १८ टक्के असताना ही योजना आकर्षक होती. आता ग्राहकांकडून वर्षाला २१ लाख रुपये जमत असतील आणि दरात कर समाविष्ट असेल, तर नियमित पद्धतीत कर होतो १,००,००० रुपये, आणि कंपोझिशनमध्ये १,२६,०००. कंपोझिशनमध्ये कागदपत्रे कमी लागतात हे खरे, परंतु त्या सोयीची किंमत येथे २६,००० रुपये पडते.

मर्यादेच्या आत असताना स्वेच्छेने नोंदणी घेण्याचा सलूनला फारसा लाभ नाही. खरेदीवरील वजावट मिळत नाही आणि विवरणपत्र मात्र काम नसले तरी भरावे लागते. उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये, निरंक विवरणपत्राला २० रुपये विलंब शुल्क लागते.

अर्ज gst.gov.in या संकेतस्थळावर GST REG-01 या नमुन्यात करायचा असून त्याला शुल्क नाही. पॅन, आधार, छायाचित्र, दुकानाचे वीजबिल आणि भाडेकरार किंवा जागामालकाचे संमतीपत्र लागते. अमरावती आणि अकोला एकाच राज्यात असल्याने एकच क्रमांक पुरतो. दुसरी जागा अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून दाखवावी. गुमास्ता आणि व्यवसाय कर या बाबी यापासून वेगळ्या आहेत. त्या घेतल्या म्हणजे जीएसटी नोंदणी झाली, असे होत नाही.

पावती कशी लिहावी?

नोंदणी नसलेल्याने साधी पावती द्यावी. दुकानाचे नाव व पत्ता, अनुक्रमांक, तारीख, कामाचे वर्णन, रक्कम आणि सही एवढे पुरेसे आहे. तिच्यावर ‘कर बीजक’ असे शीर्षक नको आणि कराची ओळही नको. नोंदणीशिवाय ग्राहकाकडून कर घेण्यास कायद्याने मनाई आहे.

नियमित नोंदणी असल्यास ‘कर बीजक’ द्यावे लागते. त्यावर दुकानाचे नाव, पत्ता व जीएसटी क्रमांक, बीजक क्रमांक, तारीख, सेवेचे वर्णन, करपूर्व रक्कम, कराचा दर, केंद्र व राज्य कर वेगवेगळे आणि सही असावी. बीजक क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा, सलग असावा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये. दोन दुकानांसाठी दोन मालिका चालतात, जसे अमरावतीसाठी १/०००१ आणि अकोल्यासाठी २/०००१. बीजकाच्या दोन प्रती कराव्यात, मूळ प्रत ग्राहकाला आणि दुसरी दुकानात.

एक नमुना असा :

फेशियल : ८०० रुपये
केस कापणे : २०० रुपये
करपूर्व एकूण : १,००० रुपये
केंद्रीय कर २.५ टक्के : २५ रुपये
राज्य कर २.५ टक्के : २५ रुपये
देय रक्कम : १,०५० रुपये

दरफलकावर करासह किंमत लिहिलेली असल्यास तिला १०५ ने भागून ५ ने गुणावे, म्हणजे त्यातील कर निघतो. १,०५० वर थेट ५ टक्के काढले तर ५२.५० रुपये येतात आणि मालक अडीच रुपये जास्त भरतो. केसांना लावलेला रंग हा सेवेचाच भाग असल्याने त्यावर ५ टक्केच लागतात. तोच रंग डबीतून विकला तर वेगळी ओळ लिहून १८ टक्के लावावे लागतात. शॅम्पू आणि केसांच्या तेलावर मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहेत.

प्रत्येक दाढीसाठी बीजक फाडावे लागेल का, ही धास्ती अनाठायी आहे. रक्कम २०० रुपयांपेक्षा कमी असेल, ग्राहक नोंदणीकृत नसेल आणि तो बीजक मागत नसेल, तर दिवसाच्या शेवटी सर्वांचे मिळून एकच बीजक करता येते. करासह १०५ रुपये दराने २० जणांचे केस कापले, तर त्या एका बीजकावर २,००० रुपये मूल्य आणि १०० रुपये कर येतो. कंपोझिशन घेतलेल्यांनी मात्र कर बीजक न देता ‘पुरवठा देयक’ द्यावे आणि आपण आपसमेळ योजनेतील करदाते असून कर वसूल करण्यास पात्र नाही, असे त्यावर छापावे.

नोंदणी झाल्यावर प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे आणि जीएसटी क्रमांक पाटीवर लिहावा. पुढे उलाढाल कायम मर्यादेखाली राहू लागली, तर GST REG-16 नमुन्यात नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करता येतो. केवळ विवरणपत्रे भरणे थांबवल्याने नोंदणी आपोआप संपत नाही. तोपर्यंत विलंब शुल्क चढतच राहते.