‘चुका साचतात’ हे अर्धसत्य

ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातील डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी सहा क्यूबिटच्या अतिवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. तेव्हापासून आमच्या मांजरी-हडपसर भागातल्या अभियंत्यांच्या गप्पांत एक मत ठामपणे ऐकू येते : असली यंत्रे लांब गणित कधीच करू शकणार नाहीत.

हा पूर्वपक्ष पोरकट नाही. तो असा : क्यूबिटवरची प्रत्येक क्रिया हजारात एकदा चुकते असे धरा. हजार क्रिया निर्दोष पार पडण्याची शक्यता उरते सुमारे ३७ टक्के. दहा हजार क्रियांत ती लाखात पाचांहूनही खाली जाते. बरे, चुका दुरुस्त करायच्या तर आणखी क्यूबिट हवीत, आणखी क्रिया हव्यात, त्याही चुकणारच. मग दुरुस्तीने चुका वाढणार नाहीत कशावरून?

हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष नाही. तो हिशेब चूक झाली की ती शेवटपर्यंत राहते असे गृहीत धरतो. वाटेतच तिचा निचरा होत असेल तर ३७ टक्क्यांचा आकडा गैरलागू ठरतो. खरा आक्षेप दुसरा आहे : दुरुस्ती करणारेच चुकणारे. त्याला उत्तर द्यायलाच हवे.

एका क्यूबिटची माहिती अनेक क्यूबिटच्या गटात पसरवून ठेवतात. गटातले एकच क्यूबिट बिघडले तर ते ओळखून सुधारता येते; एकाच वेळी दोन बिघडली तर फसगत होते. तपासताना मूळ माहिती वाचली जात नाही; शेजारी एकमेकांशी जुळतात का, एवढेच मोजले जाते. म्हणून मोजमापाने माहिती मोडत नाही. मुख्य अट मात्र रचनेची : दुरुस्तीच्या यंत्रणेतला एक बिघाड त्याच गटातल्या दोन क्यूबिटपर्यंत पोचता कामा नये. दोन क्यूबिटांवरच्या क्रियेतून चूक एकाकडून दुसऱ्याकडे जाते, म्हणून गटातल्या प्रत्येक क्यूबिटला वेगळ्याच साथीदाराशी जोडतात.

आता मोजा. एका सुरक्षित पायरीत, दुरुस्ती धरून, बिघाडाच्या पंधरा जागा आहेत असे माना. पायरी बिघडायला निदान दोन जागी बिघाड हवा, आणि अशा जोड्या १०५, सोयीसाठी शंभर. प्रत्येक जागेचा त्रुटिदर p असेल, तर पायरीचा त्रुटिदर फार तर सुमारे 100p². p हजारात एक असेल तर हा दहा हजारांत एक होतो. दुरुस्तीतल्या चुका या पंधरात आधीच मोजल्या आहेत. पूर्वपक्षाची शंका इथेच संपते.

आता ही सुधारलेली पायरी कच्चा भाग मानून त्याच नमुन्याने पुन्हा बांधा : दहा लाखांत एक. तिसऱ्यांदा : हजार कोटींत एक. चौथ्या थरात पंधरापट खर्च वाढतो, पण चूक दहा कोटी पटींनी कमी होते. गणित जितके लांब, तितके थर वाढवायचे. आणि थर फार सावकाश वाढतात. उलट p दोन टक्के असेल, तर पहिल्याच थरात चार टक्के, दुसऱ्यात सोळा. दोन्हींची सीमा 100p² = p, म्हणजे एक टक्का. हाच तो उंबरठा. त्याच्या वर पूर्वपक्ष जिंकतो, खाली हरतो.

पंधरा हा माझा सोयीचा आकडा. सात क्यूबिटच्या संकेतासाठी काटेकोरपणे सिद्ध झालेली उंबरठ्याची हमी लाखात सुमारे २.७ इतकीच आहे. सरफेस कोडसाठी संगणकीय अंदाज एक टक्क्याच्या आसपास येतो. हमी आणि अंदाज यांत सरमिसळ करू नये.

हे कागदावरच राहिले आहे का? डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गूगलच्या ‘विलो’ चिपवर सरफेस कोडचा आकार तीनवरून पाच, पाचवरून सात केला गेला. पूर्वपक्षानुसार क्यूबिट वाढल्याने चूक वाढायला हवी होती. प्रत्येक पायरीला ती निम्म्याहून खाली आली. सातच्या आकाराला दर फेरीत ०.१४३ टक्के.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. वरचा हिशेब बिघाड एकमेकांपासून बऱ्यापैकी स्वतंत्र आहेत असे धरतो. एकाच कारणाने अनेक क्यूबिट एकदम बिघडली, तर p² च्या जागी पुन्हा p येतो आणि थर निरुपयोगी ठरतात. विलोवरच्या आणखी साध्या संकेताच्या चाचणीत असे सामूहिक झटके तासाला साधारण एकदा दिसले. ज्याला लढायचे आहे त्याने इथे लढावे. ‘चुका साचतात’ म्हणून नव्हे.

वाचकांनीच निवाडा करावा. सुरुवातीच्या त्या सहा क्यूबिटांत सर्वांत लहान उपयोगी सरफेस कोडही मावत नाही. त्याला सतरा लागतात. पुढच्या वेळी पुण्यातून मोठ्या प्रोसेसरची बातमी आली, की क्यूबिट किती हे विचारण्याआधी दोन क्यूबिटांवरच्या क्रियेचा त्रुटिदर किती, हे विचारा.