लळा: इंग्रजीत एक शब्द पुरत नाही तेव्हा

मराठीत मायेचे शब्द पुष्कळ आहेत. माया, ममता, जिव्हाळा, आपुलकी, लाड. या सगळ्यांना इंग्रजीत कसाबसा एखादा शब्द मिळतो. ‘लळा’ला मात्र मिळत नाही. का मिळत नाही, याचं उत्तर इंग्रजीत नाही, मराठीतच आहे.

आमच्या घराण्याची हकिगत मी सध्या इंग्रजीत उतरवतो आहे. वारूळवाडीतून निघून पुढे इंग्लंडला स्थायिक झालेल्या नातलगांच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी. वारूळवाडी म्हणजे नारायणगावाला अगदी लागून असलेलं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं आमचं गाव. या हकिगतीत दादीच्या तोंडचं एक वाक्य आहे. आजोबांच्या धाकट्या भावाला घरात सगळे छोटे दादा म्हणत. त्यांच्याबद्दल दादी सांगायची, “आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा. शेजारच्या मावशींनी त्याला असा लळा लावला, की बाप न्यायला आला तरी पोरगं येईना.” मावशी हिंदू होत्या, आमच्या कुणी लागत नव्हत्या. छोटे दादा वयात येईपर्यंत त्यांच्याच घरी जेवले. अख्ख्या घराण्याचा मावशींशी असलेला संबंध या एका वाक्यावर उभा आहे. इंग्रजीत ते चुकलं, तर पुढची पिढी मावशींना भलतंच कुणीतरी समजेल.

अशा वेळी मी जुन्या कोशाकडे जातो. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ आणि अनेक शास्त्री यांच्या मदतीने त्याने मराठी-इंग्रजी कोश रचला. तो १८३१ साली मुंबईत निघाला, आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. आजही मराठीतून इंग्रजीत जाणारा माणूस या कोशावाचून फारसा पुढे जात नाही. त्याची एक रीत शिकण्यासारखी आहे. जिथे इंग्रजीत जोडीचा शब्द नाही, तिथे मोल्सवर्थ ओढूनताणून शब्द बसवत नाही. तो शब्द कुणाबद्दल वापरतात, कोणत्या प्रसंगी वापरतात, हे तो सरळ वाक्यांशात सांगतो. शिवाय एखादं नाम ठरावीक क्रियापदांबरोबरच येत असेल, तर ती क्रियापदंही शेजारी नोंदवतो.

ही दुसरी नोंद ‘लळा’ची गाठ सोडवते. बोलताना लळा एकटा क्वचितच येतो. लळा लागतो, किंवा लळा लावतात. ‘मुलाला मावशींचा लळा लागला’ म्हटलं, की ओढ मुलाच्या मनातली असते. ‘मावशींनी मुलाला लळा लावला’ म्हटलं, तरी ओढ मुलाचीच, पण ती निर्माण करणाऱ्या मावशी. मावशींनी काय केलं? भरवलं, निजवलं, आजारपणात उशाशी बसल्या, आणि हे रोज केलं. ‘लावला’ या तीन अक्षरांत तेवढे सगळे दिवस आहेत. शब्दाचं नातं संस्कृतातल्या ‘लल्’ धातूशी सांगतात, म्हणजे खेळणं. ‘लालनपालन’मधलं लालन त्यातलंच. म्हणजे लळा ही नुसती भावना नाही, तो कुणीतरी केलेल्या कामाचा परिणाम आहे.

आता इंग्रजी शब्द एकेक करून तपासू. तपासायची रीत सोपी आहे. मूळ वाक्य झाकायचं, इंग्रजी शब्द मराठीत परत आणायचा, आणि काय हाती येतं ते बघायचं. ‘अफेक्शन’ परत आणलं तर ‘स्नेह’ मिळतो. तो कुणालाही कुणाबद्दल वाटेल, त्यात रोजचं करणं नाही. ‘फॉन्ड’ परत आणलं तर ‘आवड’ मिळते, आणि आवड आंब्याचीही असते. ‘अटॅचमेंट’ अर्थाने जवळ जातो, पण आमच्या भागात कोर्टाचा कागद पाहिलेल्या कुणालाही विचारा, या शब्दाचं पहिलं मराठी ‘जप्ती’ आहे. ‘टुक टु हर’ म्हणजे मूल तिच्याकडे चटकन रमलं. ते एका दुपारीही होतं. लळ्याला दिवस जावे लागतात.

‘फॉस्टर मदर’ हा शब्द तर सगळ्यात मोहात पाडणारा. पण ब्रिटनमध्ये वाढलेल्या मुलाला त्यातून स्थानिक प्रशासनाने सोपवलेलं, भत्ता देऊन केलेलं संगोपन दिसेल. आणि आपल्या माणसांना त्यात दूधमाय ऐकू येईल. आपल्याकडे दूध पाजण्याने नातं तयार होतं, त्याला रज़ाअत म्हणतात, आणि त्यावरून निकाह कुणाशी होऊ शकत नाही हेही ठरतं. मावशींनी दूध पाजलं नव्हतं. एका सोयीच्या शब्दाने कागदावर एक नवंच नातं जन्माला आलं असतं.

गंमत म्हणजे घरातल्या दुसऱ्या भाषेत जवळचा शब्द आहे. उर्दूत म्हणतात, “बच्चा उनसे मानूस हो गया.” या ‘मानूस’चा मराठी ‘माणूस’शी संबंध नाही. तो अरबी ‘उन्स’मधून आला, म्हणजे सहवासाने आलेली ओढ. लळ्यासारखाच तोही माणसाला चालतो आणि पाखरालाही. पण ‘मानूस करना’ म्हटलं की माणसाळवल्याची छटा येते. ‘लळा लावणे’मधलं करणं तिथेही पुरतं उतरत नाही.

म्हणून मी नाम सोडून दिलं आणि क्रिया घेतली. माझं इंग्रजी वाक्य असं झालं: ‘शी लुक्ड आफ्टर हिम, डे आफ्टर डे, अंटिल ही वुड गो टु नो वन एल्स.’ ते परत मराठीत आणा: तिने त्याला रोजच्या रोज सांभाळलं, इतकं की तो दुसऱ्या कुणाकडे जाईना. मायेचं नाव वाक्यात कुठेच नाही, तरी माया आहे. करणारी कोण, ओढ कुणाची, वेळ किती गेला, हे तिन्ही शाबूत राहिले. पुढचं ‘बाप न्यायला आला तरी’ हे वाक्य त्याला आपसूक जोडलं जातं, कारण लळ्याची खूण हीच: उचलून न्यायला गेलं की मूल येत नाही.

या रीतीला दोन मर्यादा आहेत. वाक्यांशात मूळ शब्दात नसलेलं कारण घालायचं नाही. मावशींना मूलबाळ नव्हतं, हे खरं असलं तरी दादीच्या वाक्यात ते नाही, म्हणून माझ्याही नाही. ते हकिगतीत त्याच्या जागी येईल. दुसरं, हाच शब्द पानभर पुन्हापुन्हा येत असेल, तर दर वेळी लांब वाक्यांश वाचणाऱ्याला जड होतो. मग पहिल्यांदा पूर्ण वाक्यांश द्यावा, शेजारी मूळ ‘लळा’ ठेवावा, आणि पुढे तोच मराठी शब्द चालू द्यावा. छोट्या दादांच्या लग्नाच्या भागात मी तसं केलं आहे. तिथे मावशी हळद घेऊन आल्या, आणि इंग्रजी मजकुरात ‘लळा’ तसाच आहे. तिथवर पोचलेल्या वाचकाला तो आता समजतो.