क्षणाचे आयुष्य : अतिसंवाहक क्यूबिटच्या इतिहासातील पंचवीस वर्षे

यंत्रांचा इतिहास बहुधा त्यांच्या वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अतिसंवाहक क्यूबिटचा इतिहास मात्र आयुर्मानाचा इतिहास आहे. हे क्यूबिट किती चपळ आहे यापेक्षा ते किती काळ टिकते, या प्रश्नाभोवतीच गेल्या पंचवीस वर्षांतील सारे प्रयत्न फिरत राहिले. त्या प्रयत्नांचा मागोवा घेण्याचा आमचा येथे मानस आहे.

प्रथम आयुर्मान म्हणजे काय ते पाहू. अतिसंवाहक धातूच्या दोन थरांमध्ये अत्यंत पातळ विद्युत्‌रोधक पापुद्रा ठेवला की जोसेफसन संधी तयार होते. अशी संधी असलेले सूक्ष्म मंडल निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केले म्हणजे ते एखाद्या कृत्रिम अणूप्रमाणे वागू लागते. त्याची तळस्थिती म्हणजे ० आणि पहिली उत्तेजित स्थिती म्हणजे १. या मंडलास दोन प्रकारचे मरण आहे. उत्तेजित मंडल आपली ऊर्जा सभोवतालास देऊन तळस्थितीस उतरते, त्यास लागणारा सरासरी काळ हा शिथिलनकाल होय. दुसरे मरण अधिक सूक्ष्म आहे. क्यूबिट ० आणि १ यांच्या मिश्रस्थितीत असताना त्या दोन अंगांमध्ये एक निश्चित कलासंबंध असतो. बाहेरच्या गोंगाटाने क्यूबिटची कंप्रता किंचितही हलली, तर ऊर्जा न गमावताही हा संबंध पुसला जातो. तो टिकण्याचा काळ म्हणजे सुसंगतिकाल. ऊर्जा गेली की कलासंबंधही जातो, म्हणून सुसंगतिकाल शिथिलनकालाच्या दुपटीहून अधिक कधीच असू शकत नाही.

हे दोन्ही काळ मोजण्याची रीत सरळ आहे. सूक्ष्मतरंगांच्या एका स्पंदाने क्यूबिट १ मध्ये न्यावे, काही काळ थांबावे आणि ते अजून १ मध्येच आहे काय ते पाहावे. थांबण्याचा अवधी वाढवीत हा प्रयोग हजारो वेळा केला की शिथिलनाचा उतरता आलेख मिळतो. सुसंगतीसाठी अर्ध्या स्पंदाने मिश्रस्थिती निर्माण करतात, आणि काही काळाने दुसरा अर्धा स्पंद देऊन कलासंबंध कितपत उरला ते तपासतात. मध्यंतरी एक पूर्ण स्पंद दिल्याने सुसंगती लक्षणीय वाढली, तर गोंगाट संथ गतीचा आहे असे अनुमान निघते. रोगाचे निदान असे होत असते.

या इतिहासाचा आरंभ १९९९ साली जपानमध्ये झाला. एन्‌ईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी अशा मंडलाची स्थिती ० आणि १ यांमध्ये हेतुपुरस्सर झुलवून दाखविली. ती सुसंगती सुमारे दोन नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दोन अब्जांश टिकली. आसपासच्या द्रव्यातील विद्युत्भारांची चुळबुळ हे तिच्या अल्पायुष्याचे प्रमुख कारण होते. २००२ साली फ्रान्समधील साक्ले येथील गटाने त्यावर एक चतुर उपाय योजला. क्यूबिटची कंप्रता बाह्य भारानुसार बदलते, परंतु त्या आलेखावर एके ठिकाणी चढउतार नसलेला सपाट बिंदू असतो. तेथे क्यूबिट ठेवले म्हणजे भार थोडा हलला तरी कंप्रता जवळजवळ हलत नाही. सुसंगती तत्काळ अर्ध्या मायक्रोसेकंदापर्यंत गेली.

तथापि सपाट बिंदूवर तोल सांभाळीत राहणे कठीण होते. २००७ साली येल विद्यापीठातील गटाने संधीला मोठे धारित्र जोडून सारा आलेखच सपाट केला. हेच ट्रान्समॉन. याची किंमत मात्र द्यावी लागली. ० ते १ आणि १ ते २ या पायऱ्यांची उंची जवळजवळ सारखी झाली. स्पंद फार आखूड केला तर क्यूबिट चुकून दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर जाते. म्हणून प्रत्येक क्रियेस दहा-वीस नॅनोसेकंद तरी देणे भाग पडते. आयुष्य वाढले, पण त्यात करावयाचे प्रत्येक काम फार घाईने उरकता येईना.

भाराचा गोंगाट शमल्यावर शिथिलनाचा प्रश्न पुढे आला. ऊर्जा जाते कोठे? २०११ साली येलमध्येच ट्रान्समॉन एका धातूच्या पोकळीत ठेवले गेले. विद्युत्‌क्षेत्र मोठ्या अवकाशात पसरल्यामुळे पृष्ठभागावरील मलिन थरांत त्याचा अल्पच भाग राहिला, आणि शिथिलनकाल साठ मायक्रोसेकंदांपर्यंत पोचला. दोष संधीचा नसून पृष्ठभागांचा आहे हे यावरून उघड झाले. पुढे २०२१ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी नायोबियमऐवजी टँटलम वापरून हा काळ तीनशे मायक्रोसेकंदांपलीकडे नेला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकामागून एक कराव्या लागणाऱ्या क्रियांच्या थरांची संख्या म्हणजे मंडलाची खोली. आयुष्यास एका थराच्या काळाने भागले की खोली मिळावी, असे सहज वाटते. गूगलच्या २०१९ च्या ‘सिकमोर’ प्रयोगावर हा हिशेब लावून पाहू. तेथे ५३ क्यूबिट होते आणि शिथिलनकाल सरासरी १६ मायक्रोसेकंद होता. एका थरात एकेरी क्रियेस २५ व दुहेरी क्रियेस १२, असे ३७ नॅनोसेकंद लागत. भागाकार सुमारे ४३० येतो. प्रत्यक्षात मंडलाची खोली होती अवघी २०!

कारण असे की कोणत्याही एका क्यूबिटचे पतन साऱ्या उत्तरास बाधते. प्रत्येक क्यूबिट सरासरीने निम्मा वेळ १ मध्ये असते असे धरले, तर ५३ क्यूबिटांतील पहिले पतन सरासरी ०.६ मायक्रोसेकंदातच होईल, म्हणजे सोळाव्या थराच्या आसपास. क्रियांतील इतर दोषही यात मिळवावे लागतात. एकेरी क्रिया १,११३, प्रत्येकीचा दोष ०.१६ टक्का, दुहेरी क्रिया ४३०, प्रत्येकीचा ०.६२ टक्का, शेवटचे वाचन ५३, प्रत्येकाचा ३.८ टक्के. या सर्वांतून निर्दोष पार पडण्याची शक्यता गुणाकाराने सुमारे ०.१५ टक्का येते. प्रयोगकर्त्यांचा अंदाजही ०.२ टक्क्याच्या घरातच होता. हाच हिशेब ४० थरांसाठी केला तर उत्तरातील खरा अंश आणखी ८५ पटींनी क्षीण होतो, आणि तो गोंगाटातून निवडण्यासाठी प्रयोगाची पुनरावृत्ती सात हजार पटींहून अधिक वाढवावी लागते. खोली दुप्पट केली की श्रम दुप्पट होत नाहीत, ते असे उसळतात.

यावरून आयुष्य दहापट वाढविण्याचे यशही अपुरे का पडते हे कळते. शेकडो क्यूबिट आणि लक्षावधी थर लागणाऱ्या कामास केवळ दीर्घायुष्याने पोचता येणार नाही. वाटेतच दोष शोधून दुरुस्त करावे लागतील. पण तेथेही आयुष्याची अट सुटत नाही. प्रचलित पृष्ठसंकेत पद्धतीत प्रत्येक क्रियेचा दोष सुमारे एक टक्क्याच्या आत असेल, तरच क्यूबिट वाढविल्याने चुका घटतात. अन्यथा दुरुस्ती करणारेच अधिक चुका भर घालतात. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विलो’ प्रयोगात ही मर्यादा ओलांडली गेली. तेथे शिथिलनकाल सरासरी ६८ मायक्रोसेकंद होता आणि दुरुस्तीची एक फेरी १.१ मायक्रोसेकंदात होत असे. संकेताचा आकार एकेक पायरी वाढविताच चूक निम्म्याहूनही कमी होत गेली. १०१ क्यूबिटांनी मिळून सांभाळलेले एक संयुक्त क्यूबिट त्यांतील सर्वोत्तम क्यूबिटच्या २.४ पट टिकले.

आपल्या देशात २०२३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये अतिसंवाहक मंच समाविष्ट आहे, आणि २०२४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने व पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेने सहा क्यूबिटांच्या यंत्राची चाचणी पूर्ण केली. अशा वार्ता वाचताना क्यूबिटांची संख्या प्रथम डोळ्यांत भरते. आम्हांस वाटते, वाचकांनी त्याच्या पुढे दोन प्रश्न विचारावेत : शिथिलनकाल किती, आणि दुहेरी क्रियेचा दोष किती? या दोन आकड्यांवाचून क्यूबिटांची संख्या काहीच सांगत नाही.