लोकल थांबते तशी

प्रभादेवीच्या फलाटावर शिरलेली स्लो लोकल थांबायच्या बऱ्याच आधी मंदावू लागते. वजनदार वस्तूला वेग एका क्षणात टाकता येत नाही, हे आपल्या डोळ्यांना लहानपणापासून पाठ असतं. म्हणून पडद्यावरची गाडी एकाच वेगाने येऊन खटकन थांबली, की तिच्यातलं वजनच नाहीसं होतं.

यावरचा उपाय संगणकाच्या कितीतरी आधीचा. डिस्नीचे चित्रकार मुख्य चित्राच्या कडेला एक रेघ ओढून मधली चित्रं कुठे पडायची त्याच्या खुणा करत. खुणा समान अंतरावर असल्या तर वेग एकसारखा. टोकांशी दाटल्या तर हालचाल हळू सुरू होऊन हळूच थांबते. डिस्नीचे क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. ॲनिमेटर राम मोहन त्यांच्याच हाताखाली घडले, आणि १९५७चा ‘द बन्यान डिअर’ हा चित्रपट याच विभागाचा. पुढे फ्लॅशच्या काळात रॉबर्ट पेनर यांनी या दाटी-विरळीची सूत्रं लिहून सर्वांना खुली केली. आज ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या ‘इझिंग’च्या अनेक वक्रांचं मूळ तिथे आहे.

नवशिक्याने हा फरक स्क्रॅचमध्ये पाहावा. गाडी x: -200 वर ठेवून `glide 3 secs to x: 200 y: 0` चालवलं, की ती दर सेकंदाला सुमारे १३३ एकक सरकते, शेवटच्या सेकंदालाही तेवढीच. हीच ती यांत्रिक चाल. आता गाडी पुन्हा मागे नेऊन हे चालवा:

```
repeat 90
  change x by ((200 - (x position)) / 20)
end
set x to 200
```

दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा विसावा भाग कापला जातो: आधी २०, मग १९, मग १८च्या आसपास. स्क्रॅच सेकंदाला ३० फ्रेम चालवतं. त्यामुळे पहिल्या सेकंदात ३१४ एकक, दुसऱ्यात ६७ आणि तिसऱ्यात जेमतेम १४. उरलेल्याचा भाग घेत राहिलं तर गाडी २०० वर कधीच नेमकी पोचत नाही, म्हणून शेवटची ओळ लागते.

पण नीट पाहिलं तर ही गाडी शेवटी फार रेंगाळते. एकसारखा ब्रेक लावलेल्या गाडीचा वेग दर सेकंदाला सारखाच उतरतो. त्यासाठी पेनरच्या सूत्रांतलं वर्गाचं सूत्र जवळचं. t शून्यापासून एकपर्यंत वाढवत जायचं आणि गाडी दर वेळी इथे ठेवायची:

`x = 200 - 400 * (1 - t) * (1 - t)`

तीन सेकंदांत अंतरं पडतात साधारण २२२, १३३ आणि ४४. आता ब्रेक लागल्यासारखा वाटतो.

सगळीकडे मात्र हा वक्र लावू नये. दोन स्टेशनांमध्ये एका वेगाने धावणारी लोकल किंवा डब्यातला फिरता पंखा यांना सरळ रेषाच शोभते; तिथे इझिंग घातलं, तर पंखा दर फेऱ्याला अडखळतो.