काजी स्पेनमध्ये महापौर कसा झाला?

स्पॅनिशमध्ये शहराच्या महापौराला ‘आल्काल्दे’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडच्या ‘काजी’चा सख्खा भाऊ आहे, असं मी माझ्या पुतणीला सांगितलं, तेव्हा तिला ती माझी नेहमीची गंमत वाटली. ती सध्या स्पॅनिश शिकते आहे. परीक्षेसाठी शेकड्यांनी शब्द पाठ करायचे आहेत आणि सोमवारी घोकलेले शब्द शुक्रवारी आठवत नाहीत, ही तिची तक्रार. तिने विचारलं, “चाचा, काजी आणि आल्काल्दे यांच्यात एक ‘क’ सोडला तर सारखं काय आहे?”

प्रश्न रास्त होता. नुसतं ‘दोन्ही अरबीतून आले’ असं सांगून शब्द लक्षात राहत नाही. एका रूपातून दुसरं रूप कसं झालं, ती पायरी दिसली पाहिजे. त्या पायऱ्या फार नाहीत. मी तिला तीनच सांगितल्या, त्याच इथे मांडतो.

आधी दोन्ही भाषांचा रस्ता पाहू. स्पेनमध्ये अरबी ७११ साली आली आणि १४९२ मध्ये ग्रॅनडा पडेपर्यंत द्वीपकल्पाच्या कुठल्या ना कुठल्या भागात तिचं राज्य होतं. तिथल्या लोकांनी अरबी शब्द बाजारात, शेतात, न्यायालयात कानांनी ऐकून उचलले. मराठीत मात्र अरबी शब्द बहुतेक फारसीच्या हातून आले. दौलताबाद, बहमनी, आदिलशाही, निजामशाही इथल्या दरबारांची लिखापढी फारसीत चालायची. फारसीने ते शब्द आधीच आपल्या उच्चारात मुरवले होते. म्हणजे एकच अरबी शब्द पश्चिमेला थेट गेला आणि आपल्याकडे फारसीचं घर करून आला. दोन्हीकडची रूपं वेगळी दिसतात ती यामुळे.

पहिली पायरी ‘अल’ची. अरबीत नामाच्या आधी ‘अल’ लागतो. फारसीने शब्द घेताना हा ‘अल’ बहुधा गाळला, स्पॅनिशने तो बऱ्याचदा शब्दालाच चिकटवून घेतला. कापराला अरबीत ‘काफूर’, तर स्पॅनिशमध्ये ‘आल्कान्फोर’. पुढचा ‘आल’ काढला की आपला कापूर हाताला लागतो. (काफूर मुळात आपल्या ‘कर्पूर’वरूनच तिकडे गेला, तो भाग वेगळा.)

पण हा ‘ल’ दर वेळी दिसत नाही. अलाउद्दीन हे नाव घ्या. लिहिताना ते ‘अला-अल-दीन’ आहे, बोलताना ‘ल’ नाहीसा होतो आणि ‘द’ दुहेरी होतो. उर्दू शिकणाऱ्यांना ही ‘हुरूफे शम्सी’, म्हणजे सूर्याक्षरं, ठाऊक असतात. द, स, श, न, र अशा अक्षरांपुढे ‘अल’चा ‘ल’ त्याच अक्षरात मिसळतो. स्पॅनिश माणसाने कानाने ऐकलेलं लिहिलं, म्हणून तिथेही हेच घडलं. ‘अस्सुक्कर’चं झालं ‘आसूकार’, म्हणजे साखर (खुद्द स्पेनच्या बऱ्याच भागात ‘आथूकार’ म्हणतात). ‘अद्दीवान’चं झालं ‘आदुआना’, म्हणजे जकात-कचेरी. आपल्याकडे त्याच घरातले दिवाण, दिवाणी दावा आणि दिवाणखाना. ‘अन्नील’चं झालं ‘आन्यील’, म्हणजे पांढऱ्या कपड्यांना घालायची ती नीळ. स्पॅनिशमध्ये ‘न’वर जी नागमोडी रेघ असते, ती जुन्या लेखनिकांनी दुहेरी ‘न’ दाखवायला घातलेली खूण. ‘अन्नील’मधले दोन ‘न’ त्या रेघेखाली अजून बसलेले आहेत. पुतणीला हा शब्द पुन्हा घोकावा लागला नाही.

दुसरी पायरी मला सर्वांत आवडते, कारण ती माझ्या वर्गातल्या जुन्या डोकेदुखीशी जोडलेली आहे. उर्दूत ‘ज’सारख्या एका आवाजाला जाल, जे, ज्वाद, जोय अशी चार अक्षरं आहेत. मुलं दरवर्षी विचारतात, उच्चार एकच तर अक्षरं चार कशाला? उत्तर असं की अरबीत ते चार वेगळे आवाज आहेत. फारसीने आणि तिच्या मागून उर्दूने ते एकात मिसळले. त्यातला ‘ज्वाद’ तर इतका खास, की अरब आपल्या भाषेला ‘ज्वादची भाषा’ म्हणतात. आठव्या शतकातला व्याकरणकार सीबवैह लिहितो, की हा आवाज जिभेच्या कडेतून निघतो. जिभेच्या कडेतून हवा सोडली की ‘ल’ची छटा येते. स्पॅनिश कानांनी तो आवाज कधी ‘द’ ऐकला, कधी ‘ल्द’.

आता काजी पुन्हा पाहा. अरबी लेखनात शब्दाच्या मध्यावर ज्वाद आहे. फारसीकडून आपल्याला मिळाला ‘काजी’. स्पेनने ‘अल’सकट घेतला आणि ज्वादचा ‘ल्द’ केला: आल्-काल्दे. पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. अर्थही दोन वाटांनी गेला. स्पेनमधल्या ख्रिस्ती राज्यांत आल्काल्दे बराच काळ गावचा न्यायाधीश होता, मग गावचा कारभार त्याच्याकडे आला आणि आज तो महापौर आहे. आपल्याकडे काजीचा न्यायनिवाडा गेला आणि मुख्यतः निकाह पढवणं उरलं. एकाच हुद्द्याला तिकडे बढती मिळाली, इकडे त्याचं काम आटलं.

हा नियम एका शब्दापुरता असता तर योगायोग म्हणता आला असता. म्हणून दुसरा शब्द घेऊ. स्पॅनिशमध्ये ‘आलार्दे’ म्हणजे मिरवणं, तोरा दाखवणं. ‘आल’ काढा, उरतं ‘आर्दे’. ‘द’च्या जागी ज्वाद, म्हणजे आपला ‘ज’ ठेवा: अर्ज. आता अडचण अर्थाची. अर्ज करणारा हात जोडून उभा असतो, तो कुठे मिरवतो? मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘समोर मांडणं’. आपण विनंती समोर मांडतो तो अर्ज. स्पेनमध्ये सैन्य समोर मांडलं जायचं, त्याची पाहणी व्हायची, त्याला आलार्दे म्हणत. सैन्याच्या त्या दिमाखावरून शब्द ‘दिमाख दाखवणं’ इथे पोहोचला. सैन्याचा हा अर्थ आपल्याकडे नव्हताच असं नाही. दिल्लीच्या सुलतानांच्या सैन्य खात्याचं नाव ‘दीवान-ए-अर्ज’ होतं. या एका नावात स्पेनचे आदुआना आणि आलार्दे दोन्ही शेजारी बसलेले आहेत.

तिसरी पायरी ‘श’ची. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘श’चा उच्चार होता. सोळाव्या-सतराव्या शतकात तो घशाकडे सरकत ‘ख’सारखा झाला. म्हणून आज ‘ख’ ऐकू आला की त्या जागी ‘श’ ठेवून पाहायचा. ‘खाराबे’ म्हणजे औषधाचं सिरप. ‘ख’चा ‘श’ केला की शराब. अरबीत शराब म्हणजे कुठलंही पेय, दारूच असं नाही; आपलं सरबत त्याच धातूवरून आलं. ‘आखेद्रेस’ म्हणजे बुद्धिबळ. ‘ख’ काढून ‘श’ घाला, पुढचा ‘अश्’ सोडवा, आणि शतरंज दिसू लागते. राजा दहावा आल्फोन्सो याने १२८३ मध्ये खेळांवर ग्रंथ पूर्ण करवून घेतला, त्याचा मोठा भाग या खेळावर आहे. शतरंज आपल्या ‘चतुरंग’वरून फारसीत आणि तिथून अरबीत गेली होती. म्हणजे हा शब्द आपल्या अंगणातून निघून स्पेनपर्यंत चालत गेला.

वहीत हे कसं उतरवायचं तेही सांगतो. चार रकाने आखायचे. पहिल्यात स्पॅनिश शब्द, दुसऱ्यात ‘आल’ सोडवून उरलेलं रूप, तिसऱ्यात आपला शब्द, चौथ्यात अर्थ कसा सरकला ते एका वाक्यात. चौथा रकाना रिकामा ठेवला तर घात होतो. ‘मेस्कीनो’ आणि ‘मिस्कीन’ ही जोडी चटकन जुळते, पण मिस्कीन म्हणजे गरीब बिचारा आणि मेस्कीनो म्हणजे कंजूस, कोत्या मनाचा. परीक्षेत बिचाऱ्या माणसाला मेस्कीनो लिहिलं तर ती शिवी होईल.

दुसरा धोका खोट्या नात्यांचा. साबणाला स्पॅनिशमध्ये ‘खाबोन’ म्हणतात. साबण, अरबी साबून, खाबोन: लगेच वाटतं की अरबीनेच दिला. पण तिसरी पायरी लावून पाहा. ‘ख’च्या जागी ‘श’ हवा, आणि अरबीत इथे ‘स्वाद’ आहे. शिवाय फ्रेंचमध्ये ‘सावों’, इटालियनमध्ये ‘सापोने’. अरबी राजवटीबाहेरच्या या भाषांत तोच शब्द ‘अल’शिवाय घरचा म्हणून नांदत असेल, तर तो बहुधा लॅटिन. तसाच तो आहे. उलट अरबीनेच तो तिकडून घेतला. ‘कामीसा’ आणि कमीज यांचंही असंच. लक्षात ठेवायला या जोड्या खुशाल वापराव्यात, इतिहास म्हणून सांगू नयेत.

या शब्दांचा इतिहास मात्र नुसता गमतीचा नाही. ग्रॅनडा पडल्यावर जे मुसलमान मागे राहिले, त्यांना सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं; त्यांना मोरिस्को म्हणत. १५६७ मध्ये दुसऱ्या फिलिपच्या फर्मानाने त्यांना अरबी बोलायला आणि लिहायला बंदी केली, कास्तिलियन शिकायला तीन वर्षं दिली. ग्रॅनडात बंड झालं, ते मोडलं गेलं. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर घालवलं. ज्या बंदरांतून ते गेले, तिथल्या जकात-कचेरीला तेव्हाही आदुआनाच म्हणत होते, आणि फर्मानं अंमलात आणणारे अधिकारी स्वतःला आल्काल्दे म्हणवत होते. भाषा बोलणारे घालवता आले, पण भाषा घालवायला बसलेल्यांच्या हुद्द्यातून ती काढता आली नाही.